बारा नळ्या आणि एक वक्ररेषा

बारा वर्षांची मुलगी. डोळे पिवळे होण्याची ही तिची कितवीतरी खेप. दर वेळी काविळीचं औषध, तेलकट बंद, उसाचा रस, शेजारणीनं सांगितलेला झाडपाला. आणि दर वेळी आठ-दहा दिवसांत पिवळेपणा ओसरतो. हिमोग्लोबिन ९ च्या आसपास रेंगाळतं, लोहाच्या गोळ्यांनी ते हलत नाही. डॉक्टरांनी पोट तपासलं तेव्हा डाव्या बरगड्यांखाली प्लीहा हाताला लागली. वडिलांना विचारल्यावर कळलं, अठ्ठाविसाव्या वर्षीच खडे झाले म्हणून त्यांचं पित्ताशय काढलेलं आहे. लघवीच्या तपासणीत बिलिरुबिन नाही, रक्तात मात्र ते भरपूर. म्हणजे यकृत ठीक आहे. कुठेतरी तांबड्या पेशी वेळेआधी फुटताहेत.

ही मुलगी मी नमुन्यादाखल रचली आहे, पण रक्तविकारांच्या बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्या कुणालाही ती ओळखीची वाटेल. काचपट्टीवर तिचं रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की काही पेशी लहान, गडद आणि गोल दिसतात. एरवी तांबड्या पेशीच्या मधोमध असतो तो फिकट भाग त्यांना नसतो. या गोल पेशींना स्फेरोसाइट म्हणतात आणि आजाराला हेरेडिटरी स्फेरोसायटोसिस, म्हणजे आनुवंशिक गोलपेशीविकार. डॉक्टरांनी चिठ्ठीवर जी तपासणी लिहिली, ती शंभराहून अधिक वर्षं जुनी आहे. १९०७ मध्ये पॅरिसच्या आनातोल शोफार यांनी दाखवलं की या रुग्णांच्या पेशी पातळ मिठाच्या पाण्यात निरोगी पेशींच्या आधीच फुटतात. आजची ऑस्मॉटिक फ्रॅजिलिटी टेस्ट तोच प्रयोग अधिक काटेकोरपणे करते.

पेशी आधी का फुटतात, हे आधी पाहू. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

निरोगी तांबडी पेशी दोन्ही बाजूंनी दबलेली चकती असते. तिच्या आतल्या ऐवजाचं आकारमान साधारण ९० फेम्टोलिटर, आणि त्याभोवतीच्या पटलाचं क्षेत्रफळ सुमारे १३८ चौरस मायक्रॉन. तेवढाच ऐवज गोलात भरायचा तर ९७ चौरस मायक्रॉन पटल पुरलं असतं. उरलेलं चाळीस-एक चौरस मायक्रॉन पटल शिल्लक आहे. अर्धवट भरलेल्या पोत्यासारखं ते सैल पडलेलं असतं. या सैलपणामुळे पेशी प्लीहेतल्या अरुंद फटींतून वाकून, चेपून पलीकडे जाते आणि त्यामुळेच तिला पाणी पिऊन फुगायलाही वाव मिळतो. पेशीचं पटल ताणलं जात नाही म्हटलं तरी चालेल, ते तीन-चार टक्क्यांपलीकडे ताण सोसत नाही. म्हणून फुगत फुगत पेशी पूर्ण गोल झाली की तिची मर्यादा संपते. त्यापुढे पाणी शिरलं की हिमोग्लोबिन बाहेर.

पेशीत पाणी शिरतं ते परासरणानं. बाहेरचं मीठ ०.९ टक्के असेल तर आत-बाहेर तोल असतो. बाहेरचं द्रावण जितकं पातळ, तितकं पाणी आत. निरोगी पेशी १३८ चौरस मायक्रॉनांच्या गोलापर्यंत फुगली तर तिच्यात सुमारे १५२ फेम्टोलिटर मावतं. पेशीचा साधारण ४० टक्के भाग या देवघेवीत सामील होत नाही, हे धरून हिशोब केला तर ही अवस्था ०.४२ टक्के मिठाला येते. प्रयोगशाळेत निरोगी रक्ताच्या निम्म्या पेशी खरोखरच त्याच्या आसपास फुटतात. कागदावरचा ढोबळ हिशोब आणि नळीतला रंग इतके जुळावेत, हे मला आजही गमतीचं वाटतं.

आता मुलीकडे येऊ. तिच्या पटलाला आतून धरून ठेवणारी प्रथिनं, म्हणजे स्पेक्ट्रिन, अँकिरिन, बँड ३ किंवा प्रोटीन ४.२ यांपैकी एखादं, जन्मतः कमी आहे. त्यामुळे पटलाचे सूक्ष्म कण गळून जातात. ऐवज फारसा कमी होत नाही, वेष्टन मात्र घटतं. समजा तिच्या सरासरी पेशीचं आकारमान ८५ आणि पटल १२३ उरलं. पुन्हा तोच हिशोब केला की फुटण्याची पातळी निघते ०.४९ टक्के. थोडक्यात, ही तपासणी पटलाची मजबुती मोजत नाही, फुगण्यासाठी किती जागा उरली आहे ते मोजते. हे ध्यानात राहिलं तर तिची बलस्थानं आणि तिचे धोके दोन्ही पुढे सहज कळतात.

रक्त घ्यायचं ते हेपरिनच्या नळीत. नेहमीची जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळी इथे टाळतात, कारण गोठण थांबवणारे असे क्षार स्वतःच रक्तातल्या क्षारांचा तोल बदलतात. नमुना ताजा हवा. खोलीच्या तापमानाला दोन तासांच्या आत काम सुरू व्हावं, फार तर ४ अंशांवर ठेवून सहा तासांत. मुलीबरोबर एका निरोगी व्यक्तीचंही रक्त त्याच वेळी, त्याच पद्धतीनं घ्यायचं. या जोडीदाराशिवाय केलेल्या तपासणीवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

मिठाचं मूळ द्रावण एकदाच करून ठेवतात: एक लिटरमध्ये सोडियम क्लोराइड ९० ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट १३.६५ ग्रॅम आणि सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट (दोन रेणू पाणी असलेलं) २.३४ ग्रॅम. याची परासरणाची ताकद १० टक्के मिठाच्या पाण्याएवढी आणि पीएच ७.४ असतो. फॉस्फेट हवंच, कारण पीएच ०.१ नं जरी सरकला तरी निकालावर ०.०१ टक्का मीठ कमी-जास्त केल्यासारखा परिणाम होतो. बाटलीवरचं रेणूतल्या पाण्याचं प्रमाण न वाचता फॉस्फेट तोलणं ही इथली जुनी चूक आहे.

मूळ द्रावण दहापट पातळ केलं की १ टक्क्याचं कामाचं सलाइन मिळतं, आणि त्यापासून नळ्यांची माळ लावायची. प्रत्येक नळीत एकूण ५ मिली द्रावण हवं. म्हणून हिशोब सोपा: सलाइनचा प्रत्येक अर्धा मिली म्हणजे ०.१ टक्का. ४.५ मिली सलाइन आणि ०.५ मिली ऊर्ध्वपातित पाणी घेतलं की ०.९० टक्क्याची नळी. निम्मं निम्मं घेतलं की ०.५०, सलाइन २.२५ आणि पाणी २.७५ घेतलं की ०.४५, सलाइन फक्त अर्धा मिली घेतलं की ०.१०. नेहमीच्या बारा नळ्या अशा: ०.९०, ०.७५, ०.६५, ०.६०, ०.५५, ०.५०, ०.४५, ०.४०, ०.३५, ०.३०, ०.२०, ०.१०. खरी घडामोड ०.६५ ते ०.३५ च्या दरम्यान घडते, म्हणून तिथे पायऱ्या जवळजवळ आहेत. पहिल्या नळीत काहीच फुटू नये आणि शेवटचीत सगळं फुटावं. या दोघी मोजपट्टीची दोन टोकं आहेत.

प्रत्येक नळीत ५० मायक्रोलिटर रक्त सोडायचं. प्रमाण एकास शंभर ठेवतात, म्हणजे रक्ताबरोबर आलेल्या प्लाझ्मातल्या क्षारांनी द्रावणाची पातळी बदलत नाही. त्याआधी रक्त हवेत हलकेच फिरवून लालभडक करून घेतात. काळपट, प्राणवायू कमी असलेल्या रक्तातल्या पेशी आधीच किंचित फुगलेल्या असतात आणि मग निकाल उगाच आजाराकडे झुकतो. रक्ताचा थेंब नळीच्या भिंतीला चिकटून राहता कामा नये. नळी उलटीसुलटी करून मिसळायचं. जोरात हलवलं तर पेशी नुसत्या हिसक्यानं फुटतील आणि दोष मात्र मिठाच्या माथी जाईल. अर्धा तास खोलीच्या तापमानाला ठेवायचं, पुन्हा एकदा मिसळायचं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटं फिरवायचं.

बाहेर काढल्यावर रॅक पाहण्यासारखा असतो. डावीकडे वरचं पाणी नितळ आणि तळाशी लाल बुंधा. मध्ये कुठेतरी पाण्यावर गुलाबी झाक येते, बुंधा लहान होत जातो. उजवीकडे सगळी नळी लाल आणि तळ रिकामा. निरोगी रक्ताचा रॅक शेजारी ठेवला की गुलाबी रंग कुठे सुरू झाला यातला फरक नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. पण अहवालासाठी आकडे लागतात. वरचं पाणी काढून स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ५४० नॅनोमीटरला त्याचं शोषण मोजायचं. ०.९० च्या नळीतलं पाणी शून्य धरायचं, ०.१० च्या नळीचं वाचन शंभर टक्के. बाकी प्रत्येकीचं वाचन शंभर टक्क्यांच्या वाचनाला भागून शंभरानं गुणलं की त्या नळीत किती टक्के पेशी फुटल्या ते मिळतं.

मुलीच्या ०.१० च्या नळीचं वाचन आलं ०.८००. जोडीदाराचं आलं १.१५०. घाबरायचं कारण नाही. तिचं हिमोग्लोबिनच कमी आहे, म्हणून रंग फिका. टक्केवारी काढायची ती याचसाठी. तिच्या ०.६० च्या नळीत ०.०४० वाचन, म्हणजे ५ टक्के. ०.५५ ला ०.१६०, म्हणजे २० टक्के. ०.५० ला ०.३६०, म्हणजे ४५ टक्के. ०.४५ ला ०.५७६, म्हणजे ७२ टक्के. जोडीदाराच्या ०.५० च्या नळीत जेमतेम १ टक्का, ०.४५ ला १५ आणि ०.४० ला ७२ टक्के.

हे बिंदू आलेखावर मांडून जोडले की लांबवलेल्या इंग्रजी एस अक्षरासारखी रेषा तयार होते. ती वाचताना पहिल्यांदा अक्षाकडे पाहावं. काही प्रयोगशाळा आडव्या अक्षावर मीठ डावीकडून उजवीकडे वाढतं दाखवतात, काही उलट. त्यामुळे 'रेषा उजवीकडे सरकली' या वाक्याला अक्ष पाहिल्याशिवाय काही अर्थ नाही. आपण वाढतं मीठ उजवीकडे ठेवू. मग जास्त नाजूक पेशींची रेषा उजवीकडे जाते.

दुसरी गोष्ट, निम्म्या पेशी फुटल्या तो बिंदू. मुलीचे ५० टक्के ०.५० आणि ०.४५ च्या मध्ये पडतात. ०.५० ला ४५, ०.४५ ला ७२. म्हणजे २७ टक्क्यांच्या चढणीतले ५ टक्के चढले की पन्नास. हिशोब येतो ०.४९. जोडीदाराचा याच रीतीनं ०.४२. ताज्या रक्तासाठी हा बिंदू साधारण ०.४० ते ०.४४५ च्या दरम्यान असायला हवा. जोडीदार आत आहे, मुलगी बाहेर.

तिसरी गोष्ट रेषेचा आकार, आणि अहवालात ती बऱ्याचदा वगळली जाते. मुलीची रेषा अख्खी सरकलेली आहेच, शिवाय ०.६५ आणि ०.६० लाच तिनं थोडं डोकं वर काढलं आहे. याला शेपूट म्हणतात. प्लीहेत अडकून, तिथल्या कमी ग्लुकोजच्या, आम्लधर्मी वातावरणात आणखी पटल गमावून आलेल्या मूठभर पेशींचा हा माग असतो. प्लीहा काढलेल्या रुग्णात ही शेपूट नाहीशी होते. बाकीच्या पेशी मात्र गोलच राहतात आणि रेषाही सरकलेलीच राहते, जरी रुग्णाचं हिमोग्लोबिन वाढलेलं असतं.

रेषेला आणखी एक नियम आहे: मीठ कमी होईल तशी ती चढलीच पाहिजे. एखाद्या नळीत शेजारच्या जास्त खारट नळीपेक्षा कमी पेशी फुटलेल्या दिसल्या तर ती पिपेटची चूक समजावी आणि ती नळी पुन्हा लावावी. ०.९० चंच पाणी गुलाबी असेल तर रक्त काढतानाच पेशी फुटल्या. नमुना परत मागवायचा. आणि जोडीदाराची रेषाच तिच्या ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेली असेल तर द्रावण, पीएच किंवा तापमान बिघडलं आहे. खोली ५ अंशांनी तापली तरी मीठ सुमारे ०.०१ टक्क्यानं वाढवल्यासारखा परिणाम होतो, पेशी थोड्या कणखर दिसतात. मे महिन्यातली पंख्यावरची आणि जानेवारीतली प्रयोगशाळा म्हणूनच एकाच तक्त्यावर नेहमी जुळत नाहीत.

आमच्या मुलीची रेषा ताज्या रक्तातच बोलली. सौम्य आजार असलेल्यांची ती कितीदा तरी निरोगी पट्ट्यातच बसते. त्यासाठी दुसरा टप्पा आहे. तेच रक्त निर्जंतुक ठेवून ३७ अंशांवर चोवीस तास उबवायचं आणि पुन्हा नळ्या लावायच्या, या वेळी खारट बाजूला थोड्या जास्त. उबवताना पेशी आपलं ग्लुकोज संपवतात, ऊर्जा कमी पडते. पटल आधीच डळमळीत असलेल्या पेशी या उपवासात निरोगी पेशींपेक्षा वेगानं पटल गमावतात. प्लीहेत जे घडतं त्याची ही नक्कल म्हणायला हरकत नाही. निरोगी रक्तही उबवल्यावर नाजूक होतं, त्याचा मध्यबिंदू ०.४६५ ते ०.५९ पर्यंत जातो. जोडीदाराचा आला ०.५२, मुलीचा ०.६६. नमुन्यात जंतू शिरले तर मात्र हा सगळा खटाटोप वाया. रक्ताला वास आला, रंग तपकिरी झाला की ते टाकून द्यावं.

आता धोके. तपासणी फक्त उरलेली जागा मोजते. ती जागा कशामुळे गेली ते तिला कळत नाही. स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होण्याच्या आजारात प्लीहेतल्या भक्षकपेशी पटलाचे लचके तोडतात आणि तिथेही गोल पेशी उरतात. रेषा हुबेहूब अशीच सरकते. म्हणून कूम्ब्स तपासणी नकारार्थी आहे हे आधी पाहायचं; मुलीची नकारार्थी होती. मोठ्या भाजण्यानंतर किंवा आई-बाळाचे रक्तगट न जुळल्यानं काविळलेल्या नवजातातही हेच घडतं. नवजाताच्या ताज्या पेशी तशाही मोठ्यांपेक्षा कणखर असतात, त्यामुळे त्यांना मोठ्यांचा तक्ता लावून चालत नाही. नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर नळीत दोघांच्या पेशी एकत्र असतात, आणि रेषा खरं तर दात्याचीही असते.

उलटा धोका आपल्याकडे जास्त भेटतो. लोहाची कमतरता असलेल्या आणि थॅलेसेमियाच्या पेशींमध्ये ऐवज कमी आणि पटल त्या मानानं जास्त, म्हणजे जागा भरपूर. त्या खूप पातळ मिठातही तग धरतात, रेषा डावीकडे जाते. याच गुणाचा उपयोग करून भारतात थॅलेसेमियाचे वाहक हुडकण्यासाठी नेस्ट्रॉफ्ट नावाची एका नळीची चाचणी वापरतात: ०.३६ टक्के सलाइनमध्ये रक्ताचा थेंब, आणि नळीमागे काळी रेघ ओढलेला कागद. पेशी फुटल्या तर पाणी पारदर्शक होऊन रेघ स्पष्ट दिसते. न फुटलेल्या पेशींनी पाणी गढूळ राहिलं तर रेघ पुसट, आणि त्या व्यक्तीची पुढची तपासणी करायची. पण एकाच मुलीत गोलपेशीविकार आणि लोहाची कमतरता दोन्ही असतील, तर एकीनं रेषा उजवीकडे ओढली आणि दुसरीनं डावीकडे, असं होऊन अहवाल 'सामान्य' येऊ शकतो. पित्तनलिका खड्यानं अडून झालेल्या काविळीतही पेशींच्या पटलात चरबी भरते आणि तोच घोटाळा होतो. ज्यांना खडे होण्याची शक्यता सर्वांत जास्त त्याच रुग्णांत. म्हणून फेरिटिन पाहिल्याशिवाय नकारार्थी अहवालावर शिक्का मारू नये.

मोठ्या प्रयोगशाळांत आता इओसिन-५-मलेमाइड हा चमकणारा रंग वापरून फ्लो सायटोमीटरवर बँड ३ आणि त्याच्या सोबतची प्रथिनं किती उरली ते मोजतात. त्याला थोडंसं रक्त पुरतं, निकाल काही तासांत मिळतो आणि नेमकेपणाही जास्त. नळ्यांची तपासणी तिथे मागे पडली आहे, आणि ते योग्यच आहे. जिथे फ्लो सायटोमीटर नाही तिथे मीठ, पिपेट आणि कलरीमीटरवर ती अजून चालते. खरं तर घरात आजार असेल, लक्षणं ठळक असतील, काचपट्टीवर गोल पेशी असतील आणि कूम्ब्स नकारार्थी असेल तर तज्ज्ञ कुठलीच पुढची तपासणी न करताही निदान करतात. मुलीच्या वडिलांचा इतिहास पहिल्याच भेटीत नीट कळला असता, तर बारा नळ्या कदाचित लागल्याही नसत्या.

तिच्या अहवालावर दोन्ही रेषा एकाच आलेखावर छापल्या, ताजं रक्त आणि उबवलेलं, शेजारी जोडीदाराच्या दोन. खाली मध्यबिंदूंचे चार आकडे आणि एक ओळ: 'नाजूकपणा वाढलेला, शेपूट उपस्थित, कूम्ब्स नकारार्थी; गोलपेशीविकाराशी सुसंगत.' निदान लिहिलं नाही, ते डॉक्टरांचं काम. त्यांनी फॉलिक ॲसिड सुरू केलं, पित्ताशयाची सोनोग्राफी सांगितली आणि घरच्यांना एक गोष्ट बजावली: ताप आला आणि मुलगी एकाएकी पांढरीफटक पडली तर थांबायचं नाही, कारण पार्व्होव्हायरसच्या संसर्गात अशा मुलांचं नव्या पेशी बनवणं काही दिवस बंद पडतं. प्लीहा काढायची की नाही, ते नंतर ठरेल. धाकट्या भावाचं रक्त पुढच्या आठवड्यात येणार आहे, हेपरिनच्या नळीत.